सोळा गावांचं सोलापूर, आत्या आणि एक ळ

आत्याचं बालपण सोलापुरात गेलं. आमच्या घरात आजीपर्यंत कानडी बोलत असत. आत्याला ती अजून फर्डी येते, मला मात्र ‘ऊट आयता?’ म्हणजे ‘जेवलीस का?’ याच्या पलीकडे काही येत नाही. गेली दोन वर्षं मला गावांच्या नावांचं वेड लागलंय. कुठलीही पाटी दिसली की हे नाव कुणी ठेवलं असेल, कुठल्या भाषेत ठेवलं असेल, हे डोक्यात सुरू होतं. मग ठरलं, जानेवारीच्या शेवटी आत्याला घेऊन तीन दिवस सोलापूरकडे जायचं. गड्ड्याची यात्रा आटोपलेली, थंडी अजून टिकलेली आणि शाळू हुरड्याला आलेला. आत्याची अट एकच होती, “माझ्या गावाला नावं ठेवायची नाहीत.” मी म्हटलं, ठेवायची नाहीत, फक्त उकलायची.

दिवस पहिला : सोलापूर

सकाळच्या गाडीने उतरलो, सामान टाकलं आणि थेट सिद्धेश्वराच्या तळ्यावर गेलो. देऊळ पाण्याच्या मधोमध आहे. उन्हं कोवळी होती आणि पाण्यावरून गार वारा येत होता. आत्याने पायरीवर बसून सुरुवात केली, “हे आपलं सोलापूर म्हणजे सोळा गावं एकत्र येऊन झालेलं. सोळा पूर. आम्हाला शाळेत बाईंनी सगळ्या सोळांची नावं पाठ करायला लावली होती.” तिने बोटं मोडत नावं सांगायला घेतली, ती नवावर अडकली.

शेजारी विजापूरकडून आलेलं एक कुटुंब बसलं होतं. त्यांतल्या म्हातारीने हात जोडून देवाचं नाव घेतलं, त्यात मला ‘सोन्नलगी’ असं काहीतरी ऐकू आलं. मी आत्याला विचारलं. ती सहज म्हणाली, “हो, कानडीत सोन्नलगी सिद्धराम म्हणतात त्याला.” म्हणजे जे मी पुस्तकात वाचून आले होते, ते आत्याला लहानपणापासून माहीत होतं. फक्त सोन्नलगी हे सोलापूरचंच नाव आहे, हे तिने कधी जोडून पाहिलं नव्हतं.

गावाच्या नावाचा अर्थ लावायचा तर आजच्या नावापासून सुरुवात करायची नसते. सर्वात जुनं लिहिलेलं रूप शोधायचं आणि तिथून आजपर्यंत खाली यायचं. सोलापूरच्या बाबतीत ही साखळी बरीच शाबूत आहे. सिद्धरामांच्या काळात, म्हणजे बाराव्या शतकात, कलचुरींच्या अमदानीत, गावाचं नाव सोन्नलगे किंवा सोन्नलगी होतं. यादवांच्या शेवटापर्यंत तेच चालू राहिलं. पुढे मोहोळ तालुक्यातल्या कामती इथल्या शके १२३८ (इ.स. १३१६) च्या संस्कृत लेखात ‘सोनलीपूर’ येतं. इथल्या भुईकोट किल्ल्यातल्या एका लेखात ‘सोनलपूर’ आहे, तर किल्ल्यातल्या विहिरीवरच्या लेखात ‘संदलपूर’. आणि मग आपलं सोलापूर. या साखळीत सोळा हा आकडा कुठेच येत नाही.

आत्याला हे पटलं नाही. “लेख कोरणारा चुकला असेल,” ती म्हणाली. मग मी दुसरा पुरावा काढला, जो आपल्या सगळ्यांच्या तोंडात असतो. सोळा या शब्दात ळ आहे. नाव सोळावरून आलं असतं तर आपण सोळापूर म्हटलं असतं. मराठी माणूस ळ असा सहज सोडत नाही. संस्कृतातल्या एकट्या ल चा मराठीत बहुधा ळ होतो, फल चं फळ होतं तसा. पण ल जोडाक्षरात असला, तर तो ल म्हणून टिकतो. बिल्व चं बिल्ल होऊन बेल झालं, भल्ल चा भाला झाला. म्हणजे सोलापूरमधला साधा ल सांगतोय की इथे पूर्वी काहीतरी जोडाक्षर असावं. आणि कानडी लोक या गावाला आजही काय म्हणतात?

“सोल्लापुर,” आत्या म्हणाली, आणि गप्प झाली.

सोन्नलापुर भरभर म्हणून बघा. मधला अ गळतो, न आणि ल एकमेकांवर आपटतात आणि सोल्लापुर होतं. यावर एक खरी शंका घेता येते. फारसीत ळ लिहिता येत नाही, मग तो सरकारी दप्तरात हरवून तिथूनच ल रूढ झाला नसेल? आत्यानेच संध्याकाळी ती काढली, आणि मला तिचा अभिमान वाटला. पण कानडीत ळ आहे आणि चांगला ठसठशीत आहे. घरात पिढ्यान्‌पिढ्या हे नाव कानडीत घेणाऱ्यांना फारसी दप्तर बघायची काय गरज? त्यांच्या तोंडी सोळ्ळापुर नाही, सोल्लापुरच आहे.

नावाच्या शेवटचं ‘गे’ किंवा ‘गी’ ही कानडी मुलखातल्या गावांची ओळखीची शेपटी आहे. कलबुर्गीत ती आहे. सोन्नल म्हणजे काय, यावर वाद घालायला जागा आहे, शेपटीवर फारशी नाही. नावांच्या बाबतीत हे नेहमी असंच असतं. पुढचा भाग झिजतो, बिघडतो, त्याच्या गोष्टी होतात. शेपटी मात्र शेजारच्या दहा गावांना तीच असते, म्हणून ती ताडून बघता येते.

दुपारी कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही आणि शेवटी वाटीभर हुग्गी. कडक भाकरी चटणी-दह्यात मोडून, जरा मऊ होऊ देऊन खायची असते. मी पापडासारखी खायला गेले तर वाढणाऱ्या मावशींनी माझ्या हातातून घेऊन स्वतः चुरून दिली. जाणाऱ्यांसाठी : किल्ला सकाळी लवकर बघा, हिवाळ्यातही दुपारी ऊन चटकतं. चटणी सुटी घेतलीत तर लवकर संपवा, शेंगदाण्याचं तेल असतं, खवट होते.

दिवस दुसरा : हत्तरसंग-कुडल

आदल्या रात्री फोनवरच्या नकाशात ‘कुडल’ घातलं, तर त्याने मला सिंधुदुर्गातल्या कुडाळला न्यायची तयारी दाखवली. रात्रभर गाडी चालवून समुद्राच्या वासापर्यंत पोचलो असतो. शेवटी गाडीवाल्या पोराला विचारलं. तो म्हणाला, “भीमा-सीनाचं कुडल ना? काय की ओ मावशी, नकाशा कशाला लागतो त्याला.” सोलापूरपासून चाळीसेक किलोमीटर, विजापूर रस्त्याने जाऊन मग आत वळायचं.

रस्ताभर मी वहीत पाट्या उतरवत होते. या भागातली नावं शेपट्यांनुसार लावली की तीन ढीग पडतात. पहिला ‘ऊर’चा. कानडीत ऊरु म्हणजे गाव. हत्तूर, आणि अक्कलकोटकडचे हन्नूर, कुरनूर, तोळणूर. हे ऊर आणि आपलं पूर कानाला जवळचे वाटतात, पण दोन वेगळ्या भाषांतले शब्द आहेत. दुसरा ढीग गीचा : होटगी, निंबर्गी, मैंदर्गी, करजगी. तिसरा हळ्ळीचा : दर्गनहळ्ळी. हळ्ळी म्हणजे खेडं. जुन्या कानडीत हा शब्द पळ्ळी होता. दहाव्या शतकानंतर हळूहळू कानडीतल्या शब्दारंभीच्या प चा ह झाला, म्हणून तमिळमध्ये दूध म्हणजे पाल आणि कानडीत हालु. तोच पळ्ळी संस्कृतात पल्ली म्हणून गेला आणि तिकडे कोकणात डोंबिवली-कांदिवलीच्या वलीत उतरला, असं मानतात. लोकलमध्ये लटकणाऱ्यांना दर्गनहळ्ळीशी आपलं नातं आहे हे कुणी सांगत नाही.

हत्तूरची पाटी आली तेव्हा मी उत्साहाने म्हटलं, “आत्या, हत्तु म्हणजे दहा ना? दहा गावं!”

आत्या खो खो हसली. “माझी सोळा गावं खोटी आणि तुझी दहा खरी का गं?”

ती बरोबर होती. मी तिच्या बाईंनी केली तीच चूक करत होते. आजचं नाव घेऊन त्यात ओळखीचा शब्द दिसला की तो उचलायचा. शेपटी ऊर आहे एवढं शेजारच्या गावांवरून म्हणता येतं. पुढचं हत्त हे दहा आहे, की हत्ति म्हणजे कापूस, की आणखी काही, हे जुना लेख हाती आल्याशिवाय सांगायचं नाही. मी वहीत हत्तूरपुढे फक्त ‘ऊर’ लिहिलं.

मंद्रूपच्या जवळ ‘तेरामैल’ लागलं. हे नाव उकलायला शिलालेख लागत नाही. मैलाच्या दगडांच्या काळात सोलापुरापासून तेरावा मैल तो हा, म्हणजे एकवीस किलोमीटर. मैल गेले, गावाच्या नावात राहिले. इथे चहा घेतला. चहावाल्याला मी विचारलं की नाव असं का, तर त्याला वाटलं मी त्याची थट्टा करतेय.

कुडलला पोचलो तेव्हा दहा वाजले होते. समोर भीमा रुंद आणि संथ, बाजूने सीना येऊन तिला मिळते. काठावर संगमेश्वराचं देऊळ आणि जवळच हरिहरेश्वराचं. तिथलं बहुमुखी शिवलिंग बघायला बहुतेक लोक येतात. एकाच दगडात ३५९ मुखं कोरलेली आहेत. आम्ही वाकून मोजायला लागलो आणि तिसऱ्या ओळीत चुकलो.

मला हवं होतं ते संगमेश्वराच्या तुळईवर होतं. शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा लेख. सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. त्याची शेवटची ओळ अशी : ‘वाछि तो विजेया होईवा’. वाचेल तो विजयी होईल. मराठीतल्या सर्वात जुन्या कोरीव ओळींपैकी ही एक. आत्या मान वर करून उभी राहिली. टॉर्च तिरका धरला तेव्हा कुठे अक्षरांच्या कडा उठल्या. समोरून उजेड टाकला की दगड सपाट दिसतो.

मग आम्ही पाण्याकाठी बसलो. तिथे एक आजोबा म्हशी धुवत होते. आत्याने कानडीत गप्पा सुरू केल्या. मी तिला आधीच बजावलं होतं की नावाबद्दल विचारायचं नाही. नावाबद्दल विचारलं की लोक गोष्ट सांगतात, आणि गोष्ट गोडच असते. त्याऐवजी तिने विचारलं की या दोन नद्यांचं इथे काय होतं.

आजोबा म्हणाले, “एरडु होळी इल्ली कूडताव.”

दोन नद्या इथे कूडतात. म्हणजे मिळतात. कूडु हे क्रियापद, आणि कूडल म्हणजे जिथे मिळतात ती जागा. गावाचं नाव त्यांच्या रोजच्या वाक्यात क्रियापद होऊन बसलं होतं, त्यांच्याही ध्यानात नसताना. कर्नाटकात कृष्णा आणि मलप्रभा जिथे मिळतात ते कूडलसंगम हेच नाव, बसवण्णांच्या वचनांतला कूडलसंगमदेव तिथला. तिथेही कूडल आणि संगम एकाच नावात आहेत. म्हणजे ‘संगम-संगम’. कानडी शब्दाला संस्कृत शब्द जोडला गेला आणि अर्थ दोनदा आला. असं दुहेरी नाव दिसलं की समजावं, इथे दोन भाषा एकमेकींच्या शेजारी नांदल्यात.

इथे तर तीन. गावाचं नाव कानडी, देवाचं नाव संस्कृत, आणि तुळईवरची ओळ मराठी. एक हजार वर्षांपूर्वी मराठीत लिहिणारा माणूस इथे होता, म्हणून मराठी इथे ‘नंतर आली’ असं सरळ म्हणून चालत नाही. नाव ठेवणारे कानडी बोलत असणार, एवढंच नाव सांगतं. लेख कोरला तेव्हा आसपास कोण कोण काय काय बोलत होतं, ते नाव सांगत नाही.

कुडल जमलं म्हणून मी लगेच हत्तरसंगवर झडप घातली. कानडीत हत्तर म्हणजे जवळ, संग म्हणजे संगम. ‘संगमाजवळचं’! जागेलाही जुळतं. आत्याने दोन क्षण विचार केला आणि मान हलवली. “कानडीत जवळ हा शब्द नंतर येतो गं. संगमद हत्तर. आपण तरी ‘जवळ संगमाच्या’ असं गावाचं नाव ठेवू का?” झालं. जागा जुळत होती, शब्द जुळत होते, पण व्याकरण आडवं आलं. वहीत हत्तरसंगपुढे प्रश्नचिन्ह. आणि सिंधुदुर्गातल्या कुडाळपुढेही. नाव सारखं दिसतं म्हणून अर्थ सारखा धरायचा नाही. त्या कुडाळची जुनी रूपं वेगळी बघावी लागतील.

आजोबांच्या शेतात हुरडा झाला. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं, मग हातावर चोळून पाखडलेले हिरवे दाणे, लसणाची चटणी आणि गूळ. पैसे घेईनात. आत्याने त्यांच्या नातीच्या हातात बळेच ठेवले.

जाणाऱ्यांसाठी : कुडलला राहायची सोय धरून चालू नका, सोलापुरातून दिवसात जाऊन या. पाणी आणि डबा बरोबर हवा. टॉर्च न्याच, जमल्यास छोटी दुर्बीणही. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू किंवा पीठ चोळू नका, दगडाची झीज होते. आणि कानडी येणारं कुणीतरी बरोबर असू द्या, नाहीतर माझ्यासारखी दहा गावं काढाल.

दिवस तिसरा : पंढरपूर

मंगळवेढ्याच्या रस्त्याने निघालो. गाडीचं चाक वाटेत बसलं, त्यात तासभर गेला. पण त्यामुळे भीमेच्या पुलाजवळ, माचणूरला, आरामात थांबता आलं. सिद्धेश्वराच्या घाटावर आम्ही दोघीच होतो, आणि पाण्यात पाय सोडून बसलेला एक बगळा. शेजारचं गाव ब्रह्मपुरी. औरंगजेबाने १६९५ ते १६९९ इथे तळ ठोकला होता आणि गावाचं नाव इस्लामपुरी केलं होतं. बादशहाच्या कागदपत्रांत ते सगळीकडे इस्लामपुरीच आहे. तळ हलला आणि गाव पुन्हा ब्रह्मपुरी झालं. चार वर्षं हुकमाने चाललेलं नाव बाजारात, लग्नपत्रिकेत, शिव्यांत उतरलं नसावं. पलीकडच्या काठचं बेगमपूर मात्र टिकलं आहे.

मंगळवेढ्याला ज्वारी घेतली, भौगोलिक मानांकन मिळालेली. आत्याने मूठभर तोंडात टाकून खरी असल्याचा दाखला दिला.

पंढरपुरात एकादशी नव्हती, तरी रांग होतीच. रांगेत उभं राहून मी आत्याला या गावाचं जुनं नाव सांगितलं. शके ११५९ (इ.स. १२३७) चा होयसळ राजा सोमेश्वराचा लेख देवळात आहे, संस्कृत आणि कानडीत. त्यात भीमरथीच्या काठच्या या गावाचं नाव ‘पंडरगे’ असं आहे.

“गे,” आत्या म्हणाली. “सोन्नलगेसारखं.”

अगदी तसंच. दोन्ही गावांची शेपटी गे, दोन्ही ठिकाणी ती पडली आणि तिथे पूर आलं. सोन्नलगेचं सोनलीपूर, पंडरगेचं पंढरपूर. होटगी आणि निंबर्गी मात्र गी सांभाळून बसल्या आहेत. मला वाटतं, यात गावाच्या मोठेपणाचा वाटा असावा. ज्या गावात राजे येतात, देणग्या लिहून ठेवल्या जातात, लांबून यात्रेकरू येतात, त्याचं नाव लिहिणाऱ्याच्या भाषेप्रमाणे बदलत जातं. खेड्याचं नाव तिथल्याच लोकांच्या तोंडात राहतं आणि तिथेच सुरक्षित असतं. म्हणून जुनी भाषा शोधायची तर तीर्थक्षेत्राच्या कमानीपेक्षा आडवळणाची पाटी जास्त कामाची.

पांडुरंग हे नावही याच पंडरगेवरून संस्कृत वळणावर गेलं असावं, असं काही अभ्यासक म्हणतात, सगळ्यांना ते मान्य नाही. पांडुर म्हणजे पांढरा आणि आपला विठोबा काळा, ही अडचण मात्र त्या तर्काने सुटते. आत्याला हे ऐकायचं नव्हतं. “तो रंगाने कसाही असू दे, नाव त्याचंच आहे,” ती म्हणाली, आणि रांगेत देवाच्या नावावरून भांडू नये म्हणून मी गप्प बसले.

लेख तुळईवर आहे. रांग सरकत असते, मागून लोटत असतात, वर बघायला मिळतो तो क्षणभरच. म्हणून जाणाऱ्यांनी त्याचं वाचन आधी घरी करून जावं, तिथे वाचता येईल अशी आशा धरू नये. मी मान वर केली तेवढ्यात मागच्या काकूंनी विचारलं, “हा कुठला मंडप म्हणायचा?”

“सोळखांबी,” आत्या म्हणाली. “सोळा खांब आहेत ना, म्हणून सोळखांबी.”

आणि थबकली. रांग पुढे गेली, आमच्यात हातभर अंतर पडलं, मागून कुणीतरी ‘चला माउली’ केलं. ती ओठातल्या ओठात म्हणून बघत होती. सोळखांबी. सोलापूर. सोळखांबी. सोल्लापुर.

बाहेर आल्यावर चपला घालताना म्हणाली, “तरी बाईंनी सोळाच शिकवलं होतं हो.”